खोट आधी सांगावी

जुन्या सायकली विकणाऱ्या माणसाने आयुष्यात एकच नियम पाळला होता: गिऱ्हाईकाने विचारायच्या आत खोट सांगून टाकायची. "मागचं चाक जरा डुगडुगतं," असं तो आधीच म्हणे, आणि सायकल बहुधा तिथेच विकली जाई. म्हणून चिरंजीवांच्या पहिल्या नोकरीचा अर्ज लिहिताना आपल्याशिवाय कसं चालेल, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. चिरंजीवांना तसं अजिबात वाटत नव्हतं. पण सायबर कॅफेच्या पाच कॉम्प्युटरांपैकी एकच रिकामा होता आणि त्याच्यासमोर खुर्च्या दोन होत्या.

सुट्या भागांच्या एका गोदामाला सहायक हवा होता. पाळ्या दोन, सकाळी सहाची आणि दुपारी दोनची. अर्ज ईमेलने, आज संध्याकाळपर्यंत.

मुलाने पत्र सुरू केलं. "मी मेहनती, जिज्ञासू आणि संघभावनेने काम करणारा..."

"कोण?" बापाने विचारलं.

"मी, बाबा."

"घरी कधी दिसला नाही हा मुलगा. राहतो कुठे?"

शेजारच्या टेबलावरची कॅफेवाली फॉर्म भरता भरता हसली. मुलाने मान वळवली नाही. शिक्षण लिहिलं, फोन नंबर लिहिला. अनुभवाच्या जागी "नाही" लिहिणार, एवढ्यात बाप म्हणाला, "चार सुट्ट्या दुकानात कुणी घालवल्या? कुठल्या डब्यात कुठल्या मापाचे बेअरिंग, मला अजून तुलाच विचारावं लागतं."

हे खरं होतं आणि कामाचंही होतं. मुलाने मुकाट्याने लिहिलं: सायकलच्या दुकानात सुट्या भागांची मांडणी आणि मोजदाद.

त्याने बापाला चेव आला. "आता खोट लिही."

"कसली खोट?"

"सकाळी उठत नाहीस ती."

"बाबा, हा अर्ज आहे. सायकल नाही."

"माणूस विकत घेतायत, म्हणजे सायकलपेक्षा महागच. लिहून तर बघ, कसं दिसतं."

वाद घालण्यापेक्षा टाइप करणं सोपं होतं. मुलाने शेवटी ओळ घातली: "सकाळी लवकर उठण्यात मी कमी पडतो, बाकी कामात नाही." बापाने ती दोनदा वाचली. भाव बरोबर लागल्यावर दिसे तसा त्याचा चेहरा झाला.

"फाइल पीडीएफ करून ठेव रे," कॅफेवाली म्हणाली. "नाहीतर त्यांच्या मशीनवर अक्षरं मोडतात."

मुलाने पीडीएफ केली. मग बाप पाणी प्यायला उठला, तेवढ्यात मुलाने मूळ फाइलमधली ती ओळ झटकन उडवली आणि सेव्ह केलं. ईमेलच्या विषयात पदाचं नाव टाकलं, मजकुरात दोन ओळी लिहिल्या, पीडीएफ जोडली, पाठवली. बाप तोंड पुसत परत आला तेव्हा मुलगा अगदी साळसूद बसला होता.

"गेलं?"

"गेलं."

"दाखव."

मुलाने पाठवलेल्या मेलमधली फाइल उघडली. खोट जागच्या जागी होती. ओळ उडवली होती मूळ फाइलमधून. पीडीएफ त्याआधीची, आणि ती काही आपोआप बदलत नाही. पाठवलेलं परत ओढून घ्यायची वेळही केव्हाच टळली होती.

"अरे वा," बाप म्हणाला, "छान दिसतेय."

मुलाचा चेहरा पांढरा पडला. "मी ती काढली होती!"

बापाला आता कळलं. त्याने रागवायचं ठरवलं, पण जमलं नाही. मुलाने घाईने नवी पीडीएफ केली आणि लिहायला घेतलं, "कृपया आधीचा अर्ज रद्द समजावा."

"थांब," बाप म्हणाला. "डुगडुगणारं चाक दाखवून झालं. आता त्यावर फडकं टाकलंस तर गिऱ्हाईक पहिलं फडकंच उचलेल."

"मग काय करू? नोकरी गेली ना!"

कॅफेवालीने मान वळवून विचारलं, "दुपारची पाळी नाही का त्यांच्याकडे?"

मुलाने आधीचं सगळं पुसलं. त्याच मेलला जोडून एकच वाक्य लिहिलं: "अर्जात लिहायचे राहिले, मला दुपारची पाळी चालेल आणि रात्री माल मोजून गोदाम बंद करेपर्यंत मी थांबू शकतो." या वेळी पाठवण्याआधी त्याने पडदा बापाकडे फिरवला. बापाने वाचलं, मान हलवली, काहीही सुचवलं नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दुपारच्या पाळीसाठी मुलाखत, मूळ कागदपत्रं घेऊन यावं. वेळ, सकाळी साडेसात.

"मुद्दाम ठेवलीय," मुलगा म्हणाला.

"चालवून बघतायत," बाप म्हणाला, आणि दोघांनी घड्याळाचा गजर लावायला एकदमच हात पुढे केला.