छताच्या ढिगातली चिठ्ठी

वाचनालयात तिला सगळे कात्रीबाई म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. तीस वर्षं टंकलेखन करून ती निवृत्त झाली होती. तरी वाचनालयाच्या सभांची इतिवृत्तं अजून तिच्याकडेच येत, कारण दुसऱ्या कुणाला ते काम नको असे.

आता सभेचं बोलणं फोनवर रेकॉर्ड होई आणि यंत्र त्याचा मजकूर करून देई. कोण बोललं, कितव्या मिनिटाला बोललं, सगळं शिस्तीत. शिस्त नव्हती ती बोलणाऱ्यांना! छताचा विषय निघाला की अध्यक्षांना पंखे आठवत, पंख्यांवरून गाडी वाचनालयाच्या वेळेवर जाई, चहा आला की पुन्हा छत. यंत्र बिचारं जसं ऐकलं तसं लिहून मोकळं.

रविवारच्या सभेची एकेचाळीस पानं चिटणीस सोमवारी सकाळी तिच्या घरी घेऊन आले.

"बाई, बुधवारी फलकावर लावायचंय. आणि हे बाइंडरला द्यायचं पत्र. जिन्याखालचा कोपरा रिकामा करायचा. दुपारी देतो."

"सगळं वाचलंत?"

"पहिली दहा वाचली. त्यातच ठरलंय की."

जिन्याखाली बावीस वर्षं एक बाइंडर फाटकी पुस्तकं शिवत बसे. तिच्या शाळेतल्या शब्दकोशाला त्याने दोनदा नवा जन्म दिला होता. त्याला दुसरी जागा नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"दुपारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "माझं होऊ दे."

पानं टेबलावर आली, कात्री आली. प्रत्येकाचं एकेक बोलणं तिने वेगळं कापलं. बोलणाऱ्याचं नाव आणि मिनिट प्रत्येक चिठ्ठीवर ठेवलंच, नाहीतर ती चिठ्ठी पोरकी होते. एकूण तीनशे बारा. मग विषयांचे ढीग केले: छत, पंखे, वेळ, कपाटं आणि कोपरा. कुठंच न बसणाऱ्यांसाठी एक बशी. ढिगाच्या आत मात्र मिनिटांचा क्रम जसाच्या तसा.

"अहो सासूबाई, संगणकावर दहा मिनिटांत होईल," सून जाता जाता म्हणाली.

"होईल गं. पण मला डोळ्यांनी बघू दे."

कोपऱ्याचा ढीग जेमतेम नऊ चिठ्ठ्यांचा. बाराव्या मिनिटाला अध्यक्ष: 'बाइंडिंगचा कोपरा रिकामा करू, तिथे नवी कपाटं ठेवू.' चाळिसाव्याला खजिनदार: 'त्यांना जरा वेळ द्या.' पुढे काही नाही. म्हणजे चिटणीस बरोबर होते. तिला फार वाईट वाटलं. तिने छताचा ढीग ओढला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतला.

एकशे चौथं मिनिट, खजिनदार: 'जिन्याच्या बाजूलाच छत गळतं, तिथे कपाटं ठेवली तर पुस्तकं भिजतील.' खाली अध्यक्ष: 'खरंय. आधी गळती काढू, पण कपाटं वरच्या खोलीत न्या, कोपरा बाइंडरकडेच राहू दे.' आणि मग तिघांचं 'मंजूर'.

ती ताडकन उठली. आपण हे नुसतं छतात टाकलं? एका चिठ्ठीत दोन विषय असले की तिची नक्कल काढून दोन्हीकडे ठेवायची, हा तिचा स्वतःचाच नियम, आणि घाईत तीच तो विसरली होती! स्वतःला दोन शब्द सुनावून तिने त्या पाचही चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या आणि कोपऱ्याच्या ढिगात शेवटी लावल्या. आता तो विषय सुरुवातीपासून निर्णयापर्यंत नीट वाचता येत होता.

दुपारी ती वाचनालयात गेली. चिटणीसांनी दारातच उभ्याने वाचलं. "अहो, मी त्या सभेत होतो ना!" ते ओशाळून म्हणाले. "तेव्हा मी चहाचे कप मोजत असणार." पत्र त्यांनी घडी घालून खिशात कोंबलं.

कात्रीबाई जिन्याखाली गेली. बाइंडरने दाब-यंत्राला दोरी बांधली होती. रविवारी तो बाहेरच्या बाकावर बसला होता. कोपरा रिकामा करायचं तेवढं ऐकून उठून गेला होता.

"ताई, मी स्वतःच निघतो. पत्राची वाट कशाला बघायची?"

"बस आधी," ती म्हणाली आणि त्याच्या कोपऱ्याच्या चिठ्ठ्या पहिल्या ओळीपासून वाचू लागली. शेवटच्या 'मंजूर'ला ती थांबली.

"शेवटचं पुन्हा वाचा."

तिने वाचलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिसऱ्यांदाही वाचलं.

"कुठं सापडलं हे?"

"छताच्या ढिगात."

त्याने मान वर करून गळक्या डागाकडे पाहिलं. मग खाली वाकून दोरीची गाठ सोडायला घेतली, आणि सुटेना तेव्हा कात्रीबाईने आपली कात्री पुढे केली.