एरंडेल आणि शांत वावर

वाशीमच्या जिनिंग फॅक्टरीत मी इंजिनीअर म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्याकडे पुण्याच्या कॉलेजातली पदवी होती, एक नवी टोपी होती आणि स्वतःविषयीचे मत होते. पदवी अजून आहे. टोपी एका बैलाने खाल्ली. मताचे काय झाले ते सांगतो.

फॅक्टरीत एक वाफेचे इंजिन होते. त्यावर एक लांब शाफ्ट फिरायचा आणि शाफ्टवरच्या पट्ट्यांनी कापसातून सरकी काढणारे रेचे चालायचे. इंजिनावर एक गव्हर्नर होता: दोन जड गोळे गरगर फिरणारे. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि एका दांडीमार्फत वाफेची झडप बंद करत. वेग उतरला की गोळे आत येत आणि झडप उघडत. गोळ्यांच्या दांडीला तेलाची एक डबी जोडलेली होती. डबीत एक दट्ट्या, त्यामुळे दांडी झटक्याने न हलता दमाने हले. दांडीला पाच भोके होती आणि खीळ कोणत्या भोकात घालायची ते मिस्त्री ठरवायचा.

मिस्त्री म्हणजे साठीकडे झुकलेला माणूस. घरची वांग्या-मिरचीची बाग, भाऊ बाग पाहायचा, हा इंजिन. तो डबीत एरंडेल घालायचा आणि खीळ मधल्या भोकाच्या खाली, चौथ्या भोकात ठेवायचा.

मॅनेजरांची तक्रार एकच होती. सगळे रेचे एकदम लागले की वेग उतरतो, रेचे कोंडतात, रेच्यांत कापूस घालणाऱ्या बायकांचे हात थांबतात आणि अनसिंगहून आलेल्या कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर तासन् तास उभ्या राहतात. मी पाहणी केली. रिकामे इंजिन आणि भरलेले इंजिन यांच्यात मिनिटाला पंधरा फेऱ्यांचा फरक पडत होता.

"पंधरा!" मी म्हणालो. "आणि हे एरंडेल? गव्हर्नरला ओढ लागते. घर्षण म्हणजे दोष."

मी खीळ काढून पहिल्या भोकात घातली. त्या भोकात गोळे थोडे हलले तरी झडप भरपूर हलते, म्हणून वेगातला फरक जेमतेम सहा फेऱ्यांवर येतो. एरंडेल ओतून टाकायला सांगितले आणि शिवणयंत्राला घालतात तसले पातळ तेल भरले. मिस्त्रीने खिळीकडे बोट केले.

"साहेब, हे काहून करून राह्यले?"

"सुधारणा."

"बरं," तो म्हणाला आणि एरंडेलाची बाटली घेऊन गेला.

दुपारपर्यंत इंजिन झोके घेऊ लागले. वेग वाढायचा, गोळे फाकायचे, झडप गपकन मिटायची, वेग पडायचा, झडप सताड उघडायची. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. शेवटी शाफ्टवरचा एक पट्टा उडून भिंतीवर आदळला. नशीब, तिथे कोणी नव्हते. मी इंजिन थांबवले, आणि मॅनेजर धावत आले तेव्हा जे बोललो ते आजही घरी सांगत नाही.

"गव्हर्नरच्या खिळा झिजल्यात," मी म्हणालो. "इतकी वर्षं मिस्त्रीनं लक्ष दिलं नाही."

मॅनेजर मिस्त्रीकडे वळले. "म्हातारा झालास रे. येत्या बाजाराच्या दिवशी हिशोब घेऊन टाक. अकोल्याहून दुसरा बोलावतो."

मिस्त्रीने माझ्याकडे असे पाहिले, की मी लगेच खिशातले घड्याळ काढून वेळ पाहिली.

खिळा मी बोलायच्या आधी काढून मोजल्या होत्या का? नाही. दुसऱ्या सकाळी मोजल्या. झिजलेल्या नव्हत्या.

इथे सज्जन माणूस मॅनेजरांकडे गेला असता. मी आलेखाचा कागद आणला. वाटले, इंजिनच बिघडलेले असेल तर कोणत्याही भोकात, कोणत्याही तेलात ते झोके घेईल. तेवढे सिद्ध झाले की मिस्त्री दोषी ठरतो आणि मी सुटतो. बाजाराला पाच दिवस होते.

आडव्या रेषेवर मी डबीची ओढ घेतली. ती मोजायची युक्ती साधी: दांडीपासून डबी सोडवायची, दट्ट्यावर एक ठरावीक वजन ठेवायचे आणि तो तेलातून खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. डबीला एक स्क्रू होता. तो घट्ट केला की तेलाची वाट अरुंद होते आणि सेकंद वाढतात. उभ्या रेषेवर घेतला भोकागणिक पडणारा वेगातला फरक: पहिल्यात सहा, मग दहा, बारा, पंधरा, वीस.

पातळ तेलात स्क्रू कितीही आवळला तरी सेकंद फारसे वाढेनात; आलेखाला दाट तेल हवे होते.

"मिस्त्री," मी विचारले, "ते एरंडेल..."

"फेकाले सांगतलं होतं तुमी."

"हो, पण..."

"नाई फेकलं," तो म्हणाला आणि कपाटामागून बाटली काढली. "तुमाले लागन असं वाटलंच."

रोज पहाटे, बायका कापूस निवडायला यायच्या आधी, आम्ही इंजिन चालवायचो; दिवसा ते बंद असायचे. एक भोक धरायचे, स्क्रू आवळून सुरुवात करायची. काही रेचे लावायचे आणि त्यातल्या दोन रेच्यांचे पट्टे अचानक सोडायचे. वेग डचमळला की झोके मोजायचे. विरत गेले तर कागदावर गोल, वाढत गेले तर फुली आणि तिथेच वाफ बंद. मग स्क्रू पाव फेरा सैल करायचा आणि पुन्हा. गोल संपून फुल्या सुरू होतात तिथे, जिथे झोका ना वाढतो ना विरतो, तिथे ठिपका.

तीन पहाटांत पाचही भोके झाली. ठिपके जोडले तर एक वाकडी रेघ उमटली: डावीकडे उंच, उजवीकडे खाली उतरणारी. रेघेच्या वर, उजवीकडे, सगळे गोल. खाली, डावीकडे, सगळ्या फुल्या. इंजिन बिघडलेले नव्हते. त्याला नुसती त्या रेघेच्या वर जागा हवी होती.

मिस्त्रीने कागद उलटसुलट केला. "हा धुरा, वावराचा बांध," रेघेवर बोट फिरवत तो म्हणाला. "इकडचं शांत वावर, तिकडचं येड्याचं. तुमची खीळ अन् तुमचं तेल कुठं येते याच्यात?"

मी पातळ तेलाचे सेकंद मोजले होते: दोन. फरक सहा. मी तांबड्या पेन्सिलीने फुली केली. ती इतकी खाली, इतकी कोपऱ्यात पडली, की कागद संपता संपता वाचली.

मग सहज म्हणून ठिपक्यांचे गुणाकार केले. वीस फेऱ्यांना तीन सेकंद, पंधराला चार, दहाला सहा, सहाला दहा. पुढेमागे थोडे, पण प्रत्येक वेळी साठच्या आसपास. हे कुठेतरी वाचले होते. खोलीवर जाऊन कॉलेजची वही काढली. तिच्यात हे सगळे होते, माझ्याच अक्षरात: ओढ आणि वेगातला फरक यांचा गुणाकार एका ठरावीक संख्येपेक्षा मोठा असला तरच गव्हर्नर स्थिर, ती संख्या गोळ्यांचे वजन आणि इंजिनाच्या मोठ्या चाकाचा जडपणा यांवर ठरते. म्हणजे घर्षण हा दोष नव्हे, आधार. खाली प्राध्यापकांनी सांगितलेले वाक्य होते, "हे विसरू नका", आणि त्याखाली मी दुहेरी रेघ मारली होती. परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण मार्क होते.

तरीही ताठा गेला नव्हता. मॅनेजरांना फरक कमी हवा होता, म्हणून मी दहा फेऱ्यांचे भोक धरले आणि स्क्रू सात सेकंदांवर बसवला. गुणाकार सत्तर. साठाच्या वर.

"साहेब, धुऱ्यावर पेरता काय?" मिस्त्री म्हणाला.

"रेघेच्या आत आहे ना?"

"सकाळी हाये."

बायका आल्या, रेचे लागले, इंजिन छान चालले. मी मॅनेजरांना नमस्कारही केला. दुपारी दोनला गोळे पुन्हा नाचू लागले. मिस्त्रीने माझ्या हुकमाची वाट न पाहता वाफ तोडली.

"काय झालं?" मी विचारले. विचारायचे म्हणून विचारले.

"डबीले हात लावा."

हात लावला आणि काढून घेतला. इंजिनाची धग आणि वरून फाल्गुनातली दुपार. एरंडेल पाण्यासारखे झाले होते. सेकंद मोजले: साडेचार. गुणाकार पंचेचाळीस. रेघ जागच्या जागी होती. माझा ठिपका तेवढा दुपारच्या उन्हात चालत चालत धुरा ओलांडून पलीकडे गेला होता. तीन पहाटा मी थंड तेलावर हुशारी केली होती.

"आणि तुमची जागा?" मी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तुमची' म्हणालो.

"चौथं भोक. स्क्रू तीन फेरे."

आम्ही तसे बसवले आणि मोजले. दुपारी, गरम तेलात, सहा सेकंद. पंधरा गुणिले सहा, नव्वद. दुसऱ्या सकाळी थंड तेलात नऊ सेकंद, म्हणजे एकशे पस्तीस. सकाळचा गोल आणि दुपारचा गोल मी निळ्या पेन्सिलीने काढले: दोन्ही शांत वावरात, धुऱ्यापासून चांगले आत. वही न उघडता हे त्याने कसे काढले ते विचारले.

"लई वर्सं झाली. पह्यले मीबी पहिल्याच भोकात घातली होती," तो म्हणाला. "भाऊ बागेले पाण्याचं बारं देते तवा पाहा. वाफ्यात पाणी कमी दिसलं की धावला, जास्त दिसलं की धावला, त एक वाफा बुडते अन् एक सुकते. जरा दमानं घ्या लागते. अन् जरा कमीजास्त चालू द्या लागते."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी सकाळीच कागद घेऊन मॅनेजरांच्या खोलीत गेलो. वाटेत तीन वाक्ये तयार केली होती, तिन्हींत 'तांत्रिक कारणे' होती. मॅनेजरांनी कागद पसरला.

"ही तांबडी फुली कोणाची?"

तिन्ही वाक्ये गेली. "माझी," मी म्हणालो.

"आन् हे दोन निळे गोल?"

"मिस्त्रीचे. खिळा झिजलेल्या नव्हत्या. मी मोजायच्या आधी बोललो."

मॅनेजरांनी कागद बाजूला सारला. "मग वेग उतरते त्याचं काय?"

"पंधरा फेऱ्या उतरणारच. रेचे चार-चार करून लावले तर कोंडणार नाहीत. मिस्त्री पहिल्यापासून तसंच सांगत होता. मीच ऐकलं नाही."

"म्हणजे पाच दिवस इंजिन थांबवून तुमी मिस्त्रीचं इंजिन मिस्त्रीले परत दिलं."

"होय."

"अकोल्याच्या माणसाले येऊ नको म्हणून कळवा," ते म्हणाले. "तार तुमीच करा. कारण बी तुमीच लिहा."

तारेत शब्द मोजून लिहावे लागतात याबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा आभार मानले.

परत आलो तेव्हा मिस्त्री डबी पुसत होता. त्याचे गाठोडे कोपऱ्यात बांधून ठेवलेले होते. मी काही बोलायच्या आत त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, गाठोडे सोडले आणि त्यातले रुमालात बांधलेले, नट पिळायचे पाने टांगणीवर लावले, एकेक करून, मापाप्रमाणे.

"कागद?" त्याने विचारले.

दिला. त्याने तो गव्हर्नरसमोरच्या भिंतीवर चिकटवला. मी तांबडी फुली खोडायला रबर काढले तर त्याने हात धरला.

"राहू द्या. नवा मानूस आला की त्याले दाखवाले लागन ना, येड्याचं वावर कुठं हाये ते."

मी त्या फॅक्टरीत आणखी चार हंगाम होतो. दर हंगामात मिस्त्री ती फुली कोणाला ना कोणाला दाखवायचा, आणि दर वेळी मी तिथेच उभा असायचो.