हिरव्या चौकटीतला मेसेज

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी तपासणीचं काम करते, तिथं पडेगावकडून कंपनीची बस जाते. त्या बसमधल्या आम्ही पाच बायकांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला होता. बस कुठवर आली, कोण रजेवर आहे, एवढंच त्यात चालायचं.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण असेंब्ली लाइनवर होती. तिचा सुपरवायझर काम दाखवायच्या निमित्तानं फार जवळ यायचा, बायकांच्या खांद्यावर हात ठेवायचा. एका रविवारी तिनं हे सगळं ग्रुपवर लिहिलं. आम्ही चौघींनीही उत्तरं दिली. एकीनं तर ‘माझ्यासोबतपण असंच केलं’ असं लिहिलं. कुणाला तरी कळतंय, याचंच तिला बरं वाटलं असावं.

सोमवारी दुपारी सुपरवायझरनं तिलाच तिच्या मेसेजचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे काय आहे? भेटा.’

बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही. उतरताना म्हणाली, “तू काढला का गं स्क्रीनशॉट?”

“मी? कशाला काढू?”

“मला वाटलं, कुणी काढला तर मोबाइल सांगतो. माझ्या पोरीच्या मोबाइलवर येतं तसं.”

मलाही पक्कं ठाऊक नव्हतं. पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मनातून जाईना. मी तिच्यासोबतच तिच्या घरी गेले.

तिची मुलगी कॉलेजात शिकते. आईचं बोलणं ऐकून ती म्हणाली, “आई, ते स्नॅपचॅटवर. व्हॉट्सअॅपवर नाय येत काही.”

तिनं आमचे मोबाइल हातात घेतले आणि एकेक करून दाखवलं. माझ्या मोबाइलवर मैत्रिणीच्या चॅटचा स्क्रीनशॉट काढला. तिच्या मोबाइलवर काहीच आलं नाही. मग मुलीनं स्वतःच्या स्नॅपचॅटवरच्या मैत्रिणीला सांगून स्क्रीनशॉट काढायला लावला. लगेच चॅटमध्ये ओळ उमटली, की हिनं स्क्रीनशॉट घेतला. तिनं हेही सांगितलं, की इन्स्टाग्रामवर साध्या चॅटला किंवा स्टोरीला तसं काही येत नाही, पण एकदाच पाहता येणारा फोटो चॅटमध्ये पाठवला आणि समोरच्यानं त्याचा स्क्रीनशॉट घेतला, तर कळतं.

“व्हॉट्सअॅपवर पण एकदाच दिसणारा फोटो असतो की,” मी म्हणाले.

“तो स्क्रीनशॉट काढूच देत नाय. पण हे बघा.” तिनं तसा एक फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला, मी तो उघडला, आणि तिनं आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यानं माझ्या पडद्याचा फोटो काढला. “याची खबर कोणतंच अॅप देत नाय. अन् स्नॅपचॅटपण काढल्यावरच सांगतं, काढायला अडवत नाय.”

मैत्रिणीनं मग सुपरवायझरनं पाठवलेला फोटो पुन्हा उघडला. मुलगी डोकावली आणि म्हणाली, “आई, हा कुणाच्या मोबाइलवरचा आहे ते यातच दिसतंय की.”

आम्ही पाहिलं. तिचा मेसेज डावीकडे, माझा डावीकडे, नावासकट. एकच मेसेज उजवीकडे होता, हिरव्या चौकटीत, वर नाव नसलेला: ‘माझ्यासोबतपण असंच केलं.’ आपला मेसेज आपल्या मोबाइलवर असाच दिसतो.

मैत्रीण म्हणाली, “तिनं? तिनं कशाला?”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिनं त्या बाईला विचारलं. आवाज चढवला नाही. ती बाई रडायलाच लागली. म्हणाली, “नवऱ्याला दाखवायला काढला ताई. मी सांगत होते ते खरंय हे त्याला पटावं म्हणून. त्यानं त्याच्या दोस्ताला पाठवला. तो दोस्त आपल्याच कारखान्यात कामाला आहे. पुढचं मला नाय ठाऊक.”

माझा तिच्यावर विश्वास बसला. मैत्रिणीचा बसला की नाही, कोण जाणे. पण ती एवढंच म्हणाली, “मग आता माझ्यासोबत चल.”

दोघींनी कारखान्याच्या तक्रार समितीकडे लेखी तक्रार दिली. साक्षीला मीही गेले. समितीतल्या बाईंनी ग्रुपमधलं चॅटही मागितलं, तेव्हा आम्हीच स्क्रीनशॉट काढून दिले. सुपरवायझरनं पाठवलेला मेसेजही त्यात होता. चौकशीनंतर त्याला त्या लाइनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. मैत्रिणीला हे कमी वाटलं. मलाही. पण लाइनवरच्या बायका निवांत काम करू लागल्या.

बसचा ग्रुप अजून आहे. फक्त आतलं काही सांगायचं असलं, की मैत्रीण मोबाइल पर्समध्ये टाकते आणि माझ्याकडे सरकून बसते.