दोनदा परत केलेलं पान

मुलं तिला घड्याळबाई म्हणायची. वर्गात आली की मनगटावरचं घड्याळ सोडून ती टेबलावर उभं करून ठेवायची. घड्याळ पुरुषी होतं, पट्ट्याला जास्तीची दोन भोकं पाडलेली. वडिलांचं. ते बसचे कंडक्टर होते.

"आमच्या बाबांचं एकच म्हणणं, बाई," ती मला म्हणाली होती. "गाडी वेळेवर सुटली पाहिजे. मागं राहिला तो मागं राहिला."

चष्म्याच्या दुकानात सात वर्षं काउंटरवर उभं राहून पैसे साठवल्यावर ती शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला आली होती. बरोबरीच्या मुली तिच्याहून दहा वर्षांनी लहान. सराव पाठांसाठी ती आमच्या शाळेत सहा आठवडे होती आणि माझा चौथीचा वर्ग मी तिच्या हवाली केला होता. मी मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायची. पोरगी कष्टाळू. पाठाचं टाचण असं करायची की कुठल्या मिनिटाला कुठला प्रश्न विचारायचा, तेही लिहिलेलं असे.

त्या गुरुवारी वजाबाकीचा पाठ होता. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला तिने फळ्यापाशी बोलावलं. बेचाळीस वजा सतरा. मुलीची ही त्या वर्षातली दुसरी की तिसरी शाळा होती. वडील बांधकामावर रखवालदार, काम संपलं की बिऱ्हाड हलायचं. मुलगी मात्र चुणचुणीत. हात वर करायची ती खांद्यातून.

तिने ऐटीत लिहिलं, पस्तीस.

"चूक," घड्याळबाई म्हणाली.

"पण बाई, तुम्हीच सांगितलं की..."

"चूक म्हटलं ना. जा, बस. कोण सांगेल?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग वर्गच हसला. मुलगी जागेवर गेली. तास घंटेबरोबर संपला. मी निरीक्षणात लिहिलं, "वेळेचे नियोजन उत्तम."

त्यानंतर मुलीचा हात वर झाला नाही.

शुक्रवारी घड्याळबाईने चिंतनवही माझ्या पुढ्यात ठेवली. वर्गातला एक प्रसंग निवडून त्यावर विचार करायचा, असं ते काम. त्यावर गुण होते. तिने पानभर प्रसंग लिहिला होता, अक्षर मोत्यासारखं. मी मुलीला बोलावले, उत्तर चुकले, मुले हसली, मुलगी नाराज झाली, मी पाठ पूर्ण केला. शेवटी, मुलगी हळवी असून घरी अभ्यासाकडे लक्ष दिले जात नसावे.

"हे काय झालं ते आहे," मी म्हटलं. "का झालं, ते कुठे आहे?"

"लिहिलंय की. हळवी आहे."

"काल सकाळपर्यंत नव्हती."

ती म्हणाली, "बाई, मला गुणांचं नंतर बघता येईल. ती परत बोलायला हवी. माझे बारा दिवस उरलेत."

सोमवारी दुसरं पान आलं. आता दोष सगळा स्वतःवर. मी धीर धरायला हवा होता, मी प्रेमाने बोलायला हवे होते, मी कमी पडले. वाचून मला वाईट वाटलं, तरी मी तेही परत केलं.

"हे रडणं झालं. विश्लेषण नाही. पस्तीस आलं कुठून? तिने हवेतून काढलं का?"

"हातचा विसरली असेल."

"असेल नको. तिची वही बघितलीस?"

वह्या गुरुवारीच तपासायला गोळा केल्या होत्या. माझ्या कपाटात गठ्ठा तसाच होता. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगी शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही, नुसतं कपाटाकडे बघितलं. हातात सुट्या कागदांची घडी होती. वहीवाचून त्यावर लिहीत होती बिचारी.

"उद्या देते हं," घड्याळबाई म्हणाली.

मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी वही उघडून बसलो. त्रेपन्न वजा अठ्ठावीस, पस्तीस. एकसष्ट वजा चौतीस, तेहतीस. सत्तर वजा सव्वीस, छप्पन्न. जिथे दशक सुटा करायची गरज नव्हती, तिथली प्रत्येक वजाबाकी बरोबर. घड्याळबाईने बोट ठेवून एकेक उदाहरण पुन्हा केलं. आठातून तीन. चारातून एक. सहातून शून्य.

"ही प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतेय," ती हळू म्हणाली. "वर कोण, खाली कोण, बघतच नाहीये."

"का?"

तिने वहीची पानं मागे उलटली. आठवड्यापूर्वीच्या तारखेखाली, चौकट आखून, मुलीने बाईंचं वाक्य उतरवून घेतलं होतं. नेहमी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा.

ती खूप वेळ त्या चौकटीकडे बघत राहिली. "हे मी सांगितलंय. सोपं व्हावं म्हणून. बाई, ती चुकलीच नव्हती हो. वर्गात माझं ऐकणारी तीच एकटी."

"आणि तिला बोलू का दिलं नाहीस?"

"अकरा मिनिटं राहिली होती. आणि मागे तुम्ही बसला होतात."

माझा शेरा मला आठवला.

ते पान तिने तिथेच बसून लिहिलं. प्रसंगाला चार ओळी. मग मुलीच्या उत्तरामागचा नियम, वहीतला पुरावा, तो नियम आला कुठून, आपण "कसं काढलंस" असं विचारलं असतं तर काय कळलं असतं, आणि ते न विचारायला घड्याळ आणि मागचा बाक कसे कारण झाले. शेवटी पुढील कृती: "उद्या सकाळी मी वर्गासमोर सांगेन की नियम माझा चुकला होता. तिला फळ्यापाशी बोलावून दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सुटे करून बेचाळीस वजा सतरा दोघी मिळून करू."

बुधवारी ती काड्यांचे गठ्ठे रबरांनी बांधून घेऊन आली. मुलीची वही कागदाचं कव्हर घालून वर ठेवली होती. तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी होती.

"येईल उशिरा," ती म्हणाली. घंटा झाली तरी तिने पाठ सुरू केला नाही. दहा मिनिटं दाराकडे बघत उभी राहिली.

संध्याकाळी ती बांधकामावर गेली. नव्या रखवालदाराने सांगितलं, जुने काल अंधार पडायच्या आत गेले. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. शाळेतून दाखला कुणी नेला नव्हता, त्यामुळे आमच्याकडेही पत्ता नव्हता. मुकादमाने एक फोन नंबर दिला. तो लागत नव्हता. ती नऊ दिवस लावत राहिली.

वर्गासमोर तिने नियम मागे घेतला. मुलांनी गठ्ठे सोडले, पंचवीस आले, छान झाला पाठ. ज्या मुलाला सगळ्यांत आधी हसू आलं होतं तो म्हणाला, "मग ती बरोबर होती का?"

"तिने माझं ऐकलं होतं," घड्याळबाई म्हणाली, आणि फळा पुसायला वळली.

मी पहिलंच पान परत करताना वही काढून दिली असती, तर शनिवारी हे सगळं कळलं असतं. त्यापेक्षाही, मधल्या सुट्टीत दारात उभ्या असलेल्या पोरीलाच विचारलं असतं तर. घड्याळबाईला स्वतः शोधू द्यावं या विचारात मी कपाट बंद ठेवलं. हे मी तिला पुढे सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे, बाई." माझ्या पाठीवर हात ठेवला तिने, लेकीसारखा.

परीक्षकांनी चिंतनवही वाखाणली. शेवटच्या ओळीखाली मात्र लाल शाईत लिहिलं, "पुढील कृती केल्याचा पुरावा जोडावा." मी म्हटलं, कृती बदलून लिही, वर्गाबरोबर काड्यांनी वजाबाकी केलीस ते लिही, खोटं नाही ते. तिने नकारार्थी मान हलवली. हजेरीपटाच्या त्या पानाची नक्कल हाताने काढली, मुलीच्या नावापुढची गैरहजेरीची नऊ शून्यं नीट एका ओळीत दिसतील अशी कागदाची घडी घातली, आणि तीच जोडली. दोन गुण कापले गेले.