भास्कररावांचा जुना नंबर

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणाचं काही अडलं की भास्करराव परांजपे धावत. पोस्टातून निवृत्त झालेला भला माणूस. आम्हा बऱ्याच जणांची फेसबुकची खाती त्यांनीच उघडून दिली, आणि कुणाला आपला नंबर आठवेना की सरळ स्वतःचा टाकला.

परवा देवरूखच्या कॉलेजातल्या ऋजुता मॅडम खातं सुरक्षित कसं ठेवावं यावर बोलायला आल्या. त्या म्हणाल्या, "पासवर्ड विसरलात तर कोड खात्यावरच्या नंबरावर जातो. तो नंबर सोडला असेल, तर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊ शकते. मग कोडही त्याच्याकडे."

भास्कररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते उभे राहिले.

"मॅडम, यांच्या खात्यांवर माझा नंबर आहे. तो मी गेल्या वर्षी बंद केला. चूक माझी."

"अहो, मग ह्यांचे फोटो?" उमाताई घाबरल्या. गेलेल्या यजमानांचे सगळे फोटो त्या खात्यातच होते.

"खातं फोनवर उघडं आहे ना? मग लॉगआउट करू नका. आत्ताच स्वतःचा नंबर घाला, त्यावर आलेला कोड टाका, आणि जुना नंबर काढून टाका. कोड कुणालाही सांगायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

"ऐकलंत, भास्करराव? लांब बसा आता!" उमाताई म्हणाल्या.

सगळे हसले, भास्करराव सोडून. उमाताईंचा नंबर बदलून झाला, तरी ते एकेकाच्या खुर्चीशी जाऊन माफी मागत, बटण दाखवत, आणि कोड येताच मान वळवून खिडकीबाहेर बघत राहत.