अकराच्या ओळीतली काडी

तिला सगळे काडीमावशी म्हणायचे. वृद्धांच्या त्या निवासात खालच्या मजल्यावर अठरा खोल्या होत्या आणि कॉरिडॉरच्या तोंडाशी तिचं टेबल. टेबलामागच्या भिंतीवर घंटांचा बोर्ड. खोलीत कुणी पलंगाशेजारचं बटण दाबलं की बोर्डावर त्या नंबरचा तांबडा दिवा लागायचा आणि घंटा घरघरायची. मावशी मदतनिसाला हाक मारायची, दिवा विझवायची आणि समोरच्या कागदावर त्या खोलीच्या ओळीत एक उभी काडी ओढायची. चार काड्या झाल्या की पाचवी आडवी, चौघींच्या अंगावरून तिरपी. ती झाली जुडी. संध्याकाळी जुड्या मोजायला बोटंसुद्धा लागत नसत.

"मावशी, तुमचं बरंय," मदतनीस बाई म्हणायची, "बसल्या जागी काड्या करायच्या आणि पगार घ्यायचा." ही दिवसभर कॉरिडॉरमध्ये गरगरत असायची, म्हणून तिला भिंगरी म्हणत.

"तू कर की. तुला तर न शिकवता येतात."

कागद आखण्याची मावशीची एक रीत होती. सकाळी आल्या आल्या ती अठराही नंबर लिहून टाकायची. ज्या खोलीतून दिवसभर एकही घंटा आली नाही, तिचाही नंबर संध्याकाळी कागदावर असायचा, पुढे कोरा. कोऱ्या ओळीवरून ती एकदा बोट फिरवायची आणि मगच कागद फाइलला लावायची. बावीस वर्षं असंच चाललं होतं. नवरा गेला त्या आठवड्यातली सुट्टी सोडली, तर एकही कागद दुसऱ्याच्या हातचा नव्हता.

अकरा नंबरच्या आजी सर्वांत जास्त घंटा वाजवायच्या. काही लागायचं नाही त्यांना. "किती वाजले?" एवढंच विचारायच्या. भिंगरी वैतागायची, मग मावशीच उठून जायची.

"सव्वाचार वाजले, आजी."

"बरं झालं सांगितलंस. वाजवली की येशील ना गं?"

"येईन."

एका सकाळी आजी गेल्या. दुपारी बाराच्या सुमारास त्यांना नेलं, गादी उचलली, खिडकी सताड उघडी ठेवली. सव्वाचार वाजता अकराचा दिवा लागला.

एकदाच. मावशी उठून गेली. पलंगाच्या उघड्या फळ्या, भिंतीवर बटणाची लोंबती वायर, खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा. कुणी नव्हतं. ती परत आली, दिवा विझवला आणि अकराच्या ओळीत एक काडी ओढली. घंटा झाली की काडी ओढायची. का झाली, हे विचारणं तिच्या कामात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रंगारी आले. अकरा आणि बारा या खोल्यांच्या मधल्या भिंतीला ओल होती. दोन्हीकडची बटणं काढून ठेवली, भिंत खरवडली, रंगवली, बटणं पुन्हा बसवली. आणि दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या अकरातून घंटा यायला लागली.

पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, मग तीन, पुन्हा चार. कधी सकाळी, कधी भर दुपारी. भिंगरी दोनदा गेली, तिसऱ्यांदा दारातूनच मागे फिरली.

"मी नाही जाणार त्या खोलीत. नवा रंग आहे, नवी गादी आहे, आणि गादीला खळगा पडल्यासारखा दिसतोय."

"नव्या गादीला खळगा?"

"तुम्ही जाऊन बघा."

मावशीने जाऊन बघितलं. खळगा नव्हता. पण खोलीत उभं असताना तिला सारखं वाटत राहिलं की अगदी जवळ कुणीतरी श्वास रोखून धरलाय. हात पोचेल इतकं जवळ. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भिंत थंड होती. "सव्वातीन वाजलेत," ती हळूच म्हणाली आणि बाहेर आली.

पाचव्या दिवशी तीन काड्या झाल्या. सहाव्या दिवशी दोन. घंटा कमी होत होती, याचंच तिला जास्त भय वाटायला लागलं. वाजवणारं कोण ते माहीत नव्हतं. पण ते थकत चाललं होतं.

सातव्या दिवशी दुपारी मॅनेजर टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता.

"मावशी, सोमवारी अकरामध्ये नवीन पाहुणे येतायत. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियन बोर्डावरून अकराची वायर कापून टाकेल. नवी ओढून घेऊ. हा घंटेचा खेळ पुरे झाला."

"साहेब, ती वाजते. कुणीतरी वाजवतंय."

त्यांनी फोन पुढे धरला. "हा बघा कालचा तक्ता. अकराची पट्टी रिकामी. एवढी वाजत असती तर इथे दिसली नसती?" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमचंही वय झालंय. उद्यापासून कागद बंद करा. तक्ता आहेच."

ते गेल्यावर मावशी फाइल घेऊन ऑफिसात गेली. तिथे कॉम्प्युटरवर तिची सख्खी भाची बसायची. महिन्यापूर्वी नवा बोर्ड आला, तेव्हापासून प्रत्येक घंटेची वेळ आणि खोली कॉम्प्युटरच्या यादीत आपोआप उतरत होती. त्या यादीतून भाची रोज संध्याकाळी तक्ता काढून मॅनेजरांच्या फोनवर पाठवायची. चित्र नाही, रंग नाहीत. टाइप केलेल्या अक्षरांचाच. नंबर, पुढे उभी रेघ आणि तिच्यापुढे जितक्या घंटा तितकी लांब चिन्हांची पट्टी.

"मावशी, आता कशाला आलीस? चहा अजून यायचाय."

"चहा राहू दे. माझ्या दोन काड्या तुझ्या तक्त्यात कुठे गेल्या ते सांग."

भाचीने कालचा तक्ता उघडला. मावशीने शेजारी कालचा कागद ठेवला.

खोली ०९ | ###
खोली १० | ##
खोली ११ |
खोली १३ | ####

"एक चिन्ह म्हणजे पाच घंटा," भाची म्हणाली. "चार नंबरचे आजोबा साठ साठ वेळा वाजवतात. साठ चिन्हं फोनच्या एका ओळीत मावत नाहीत, तुटून खाली येतात, मग सगळा तक्ता वाकडा दिसतो. म्हणून पाचाने भागते. नवाला सतरा होत्या, तीन चिन्हं आली. वरच्या दोन सुटतात."

"सुटतात म्हणजे?"

"उरलेलं धरत नाही. एका नजरेत कळायला हवं, बारीकसारीक कशाला, म्हणाले साहेब. आकडेही काढायला लावले."

"म्हणजे पाचाच्या आत कितीही वाजली तरी..."

"काहीच दिसत नाही." बोलता बोलता भाची थांबली. "दोनाला पाचाने भागलं की शून्य."

"माझ्या कागदावर जुडी पुरी झाली नाही म्हणून मी काड्या पुसत नाही गं."

मावशीचं बोट सवयीने ओळीओळीवरून खाली सरकत होतं. नऊ, दहा, अकरा. मग ते अडकलं.

"बारा कुठंय?"

"काय?"

"अकरानंतर तेरा आलाय. बाराची ओळ कुठे गेली?"

"ती नाही येत. यादीत ज्या खोल्या सापडतात तेवढ्याच तक्त्यात उतरतात. बारामधून एकही घंटा नसेल, म्हणून ओळच नाही."

"आणि अकराची आहे."

"हो, कारण अकरा यादीत..." भाचीने मागचे तक्ते भराभर उघडले. रंगारी येण्याआधी बाराची ओळ रोज होती, पुढे एखादं चिन्ह किंवा नुसती रेघ. रंग झाल्यापासून एकाही तक्त्यात बारा नव्हतं.

ऑफिसातला पंखा फिरत होता. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी खोकलं.

"मावशी," भाची अगदी हळू म्हणाली, "रिकाम्या खोलीची ओळ आहे आणि माणूस असलेल्या खोलीची नाही."

बारामध्ये पूर्वी शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती आणि डाव्या हाताचा अंगठा सोडला तर अंगात फारसं काही हलत नव्हतं. जेवण, औषध, कूस बदलणं, सगळं ठरल्या वेळी व्हायचं. मधल्या वेळेसाठी अंगठ्याखाली बटण होतं. गेला आठवडाभर भिंगरी म्हणत होती, "बारातल्या बाई किती गुणी. कध्धी त्रास नाही."

घंटा घरघरली.

दोघी पळत टेबलाशी आल्या. बोर्डावर अकराचा दिवा पेटला होता. भिंगरी भिंतीला चिकटून उभी होती.

"बघा! परत तेच!"

मावशी कॉरिडॉरमधून चालत गेली. अकराचं दार उघडं होतं. आत नवी चादर, ऊन आणि कुणी नाही. ती तिथे थांबली नाही. पुढचं दार ढकललं.

बाई दाराकडेच बघत होत्या. अंगठा बटणावर दाबलेला, नख पांढरं पडलेलं. उशी सरकून मान एका बाजूला लोंबली होती, ओठ कोरडे, गालावर मिठाच्या वाळक्या रेघा. मावशीला पाहून त्यांनी अंगठा काढला नाही. उलट आणखी दाबला, जणू विश्वास बसत नव्हता. बाहेर, शेजारच्या खोलीच्या नावाने, घंटा वाजतच राहिली.

"आले हो," मावशी म्हणाली. "सोडा आता. आले मी."

मान सावरेपर्यंत भिंगरी पाणी घेऊन आली. चमचा चमचा पाजता पाजता ती म्हणाली, "सात दिवस, मावशी. मी शेजारच्या दारातून परत जात होते."

इलेक्ट्रिशियन दुसऱ्या दिवशी आला, पण काहीच कापलं नाही. मधल्या भिंतीतल्या एकाच डबीत दोन्ही खोल्यांच्या वायरी होत्या आणि रंगाऱ्यांनी त्या बसवताना अदलाबदल केली होती. पाच मिनिटांचं काम. मॅनेजर बराच वेळ बाराच्या दारात उभे होते. मग टेबलाशी येऊन एवढंच म्हणाले, "कागद चालू ठेवा."

भाचीने तक्ता बदलला. आता अठराही ओळी रोज येतात, घंटा असो वा नसो. भागाकारात काही उरलं तर त्याचंही एक चिन्ह लागतं, आणि ओळीच्या शेवटी खरा आकडा. संध्याकाळी बाराची ओळ आली: दोन चिन्हं, पुढे सात. अकराच्या पुढे काही नाही, नुसतं शून्य.

मावशीने त्याच दिवशी दुपारी मागचे कागद काढले होते. चुकीच्या ओळीतल्या काड्या योग्य ओळीत न्यायच्या होत्या. अकराच्या एकेका काडीवर बारीक फुली मारून ती बाराच्या ओळीत काढत गेली. चार, चार, तीन, चार, तीन, दोन, एक. चार जुड्या आणि वर एक, एकूण एकवीस.

अकराच्या ओळींत बावीस होत्या.

तिने कागद पुन्हा चाळले. उरलेली काडी आजींना नेलं त्या दिवसाची होती. तेव्हा भिंत खरवडली नव्हती, वायरी आपापल्या जागी होत्या. बाराच्या ओळीतही त्या दिवसाच्या दोन काड्या वेगळ्या, स्वच्छ दिसत होत्या. भाचीने यादीत शोधून दिलं: खोली अकरा, चार वाजून पंधरा मिनिटं.

"ही कुठे न्यायची गं?" मावशीने विचारलं.

भाचीने मान हलवली. "राहू दे तिथेच."

मावशीने त्या काडीवर फुली मारली नाही. कागद फाइलला लावला आणि घड्याळाकडे बघितलं. मग उठून कॉरिडॉरमधून अकराच्या दारापर्यंत गेली. नवे पाहुणे यायला अजून दोन दिवस होते.

"सव्वाचार वाजले, आजी," ती म्हणाली, आणि दार अलगद लावून घेतलं.