इस्तरीचे पंधरा युनिट

बी.एस्सी. होऊन मी जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि ज्या बोर्डिंगात राहून शिकलो होतो, तिथलाच रेक्टर झालो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीपुढे कुणी गेलं नव्हतं. माझी फी भरली होती बोर्डिंग चालवणाऱ्या आबांनी. आबा पारोळ्याकडचे शेतकरी, बोलण्यात अहिराणी मिसळलेली. जळगावात मीटिंगा असल्या की त्यांचा मुक्काम बोर्डिंगातच.

त्या महिन्यात विजेचं बिल पंचाहत्तर युनिटांचं आलं. एरवी साठ येत. आबांनी पुढच्या महिन्यापासून वीज तोडायला सांगितलं. मॅट्रिक दीड महिन्यावर आली होती, आणि महायुद्धाच्या त्या दिवसांत कंदिलाला रॉकेल मिळत नव्हतं.

मी हिशेब मांडला. चाळीस वॅटचे दहा दिवे, रोज पाच तास, म्हणजे दोन युनिट. महिन्याचे साठ. वरचे पंधरा कुठून आले? त्याच महिन्यात दोनदा ऐन दिवेलागणीला फ्यूज उडाला होता. म्हणून व्यवस्थापक नानांनी फ्यूजमध्ये चक्क तांब्याची दुहेरी तार बसवली होती. नानांना विचारलं, तर ते जरा घुटमळले आणि मला आबांच्या खोलीत घेऊन गेले. तिथे दिव्याच्या होल्डरला जोडलेली पाचशे वॅटची नवी इस्तरी होती. महिनाभर मीटिंगा चालू होत्या, आणि नाना रोज दुपारी तासभर आबांच्या आणि पाहुण्यांच्या कपड्यांना इस्तरी करत. पाचशे वॅट, एक तास, तीस दिवस. बरोबर पंधरा.

फ्यूजचंही कोडं सुटलं. आमची फ्यूजची तार तीन अँपियरपुढे वितळणारी. दिव्यांना पावणेदोन-दोन अँपियर लागत, इस्तरीला सव्वादोन. दुपारी एकटी इस्तरी चाले. काम लांबून दिवे लागले, की बेरीज चारवर जाई आणि तार वितळे.

ज्यांचं अन्न खाल्लं त्यांनाच हे सांगायचं होतं; नानांना बरोबर घेऊन मी आबांकडे गेलो. आबांनी ऐकून घेतलं आणि खरोखरच गोंधळून विचारलं, "इस्तरीना काय उजेड पडस का रे, मास्तर? मग दिव्यांच्या बिलात ती कशी आली?"

मीटर उजेड मोजत नाही, वीज मोजतो, असं मी म्हणालो. मग फ्यूजचं सांगितलं. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. ती बारीक तार आधी वितळते म्हणून भिंतीतल्या तारा वाचतात. नानांच्या जाड तारेने फ्यूज उडायचा थांबेल, पण उद्या कुठे दोन तारा चिकटल्या, तर भिंतीतल्या तारा तापून शेजारच्या गाद्यांचा कापूस पेटेल.

 आबा नानांकडे वळून म्हणाले, "ती जाड तार आत्ताच काढा. वीज राहू द्या. पोरांनी परीक्षा शे."

नाना कुरकुरले, "आणि तुमचा कोट, आबा?"

"चुरगळलेला चालतो. कोण पाहतं मला?"

मी तीन अँपियरची तार आणली. ती लावण्याआधी आबांनी मागून घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि नानांना म्हणाले, "तुमच्यापेक्षा हिला अक्कल जास्त."

दीड महिना दिवे लागले. आबा चुरगळलेल्या कोटात मीटिंगांना जात राहिले.